प्रेस लाइनवर डाय बदलण्याचा वेळ कमी करायचा तर: आतली कामं, बाहेरची कामं

डाय बदलण्यासाठी लाइन थांबली की तिथे उभं राहून नीट पाहा. निम्म्याहून जास्त वेळ डायला कोणाचा हातच लागलेला नसतो. कोणी क्रेन मोकळी होण्याची वाट बघत असतो, कोणी पुरेशा लांबीचा टी-बोल्ट शोधत असतो, कोणी डाय तयार आहे का ते विचारायला टूलरूममध्ये गेलेला असतो. सेटर मात्र घामाघूम झालेला असतो, म्हणून वरून पाहणाऱ्याला वाटतं की काम जोरात चाललंय, वेळ लागणारच. खरं तर हा वेळ डाय बसवण्यात कमी आणि तयारीत जास्त गेलेला असतो. ती तयारी प्रेस चालू असताना करता आली असती.

हाच फरक शिगेओ शिंगो यांनी १९५० साली हिरोशिमातल्या तोयो कोग्यो, म्हणजे आजच्या माझदाच्या, प्रेस शॉपमध्ये पकडला. मोठ्या प्रेसवर डाय बसवताना एक बोल्ट सापडेना, म्हणून सेटर दुसऱ्या मशीनचा लांब बोल्ट आणून कापत बसला आणि तेवढा वेळ प्रेस उभी राहिली. त्यावरून त्यांनी कामांचे दोन गट केले. प्रेस थांबल्याशिवाय जे करताच येत नाही ते आतलं काम, आणि प्रेस चालू असताना जे करता येतं ते बाहेरचं काम. पुढे १९६९ मध्ये टोयोटाच्या कारखान्यात १००० टनी प्रेसचा सेटअप चार तासांवरून आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आला. तिथे मशीनमध्ये बदल झाले हे खरं, पण क्रम महत्त्वाचा आहे. आधी कामं वेगळी केली, मग आतली कामं बाहेर नेली आणि शेवटी उरलेली कामं सुटसुटीत केली. हा क्रम उलटा करून आधी हायड्रॉलिक क्लॅम्प विकत घेतले, तर क्लॅम्पिंगची आठ मिनिटं वाचतात आणि डाय शोधण्यात जाणारी चौदा मिनिटं तशीच राहतात.

आधी मोजा, पण कुठून कुठपर्यंत?

वेळ मोजायचा तो जुन्या पार्टच्या शेवटच्या चांगल्या पीसपासून नव्या पार्टचा पहिला पीस तपासणीत पास होऊन लाइन नेहमीच्या वेगाने सुरू होईपर्यंत. पुष्कळ ठिकाणी डाय क्लॅम्प झाली की सेटिंग संपलं असं धरतात आणि ट्रायल, दुरुस्ती, तपासणीची वाट या गोष्टी “प्रॉडक्शन”च्या खात्यात जातात. तिथेच सगळ्यात लांब थांबा लपलेला असतो.

एका पूर्ण सेटिंगचा व्हिडिओ घ्या. सेटरला आधी विचारा, कशासाठी घेतोय ते सांगा आणि नेहमीच्या वेगाने काम करायला सांगा. दुसऱ्या एकाने कागदावर फक्त तीन गोष्टी लिहायच्या: काम कोणतं, सुरू कधी झालं, माणूस प्रेसपासून किती वेळा आणि कशासाठी दूर गेला. नंतर तोच व्हिडिओ सेटर आणि ऑपरेटर यांच्यासोबत बसून बघा. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: हे करताना प्रेस थांबलेली असणं गरजेचं होतं का? उत्तर सेटरकडून येऊ द्या. सुपरवायझरने परस्पर उत्तरं लिहिली तर यादी कागदावर छान दिसते आणि शिफ्टमध्ये कोणी पाळत नाही.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू

चार प्रेसची एक हाताने भरायची लाइन घ्या. पहिली ४०० टनी, खाली कुशन असलेली, तिच्यावर ड्रॉ होतो. पुढच्या तीन २५० टनी प्रेसवर ट्रिम, पिअर्स आणि फ्लँज. दोन सेटर, एक क्रेन. लाइनचा सेटिंग वेळ पहिल्या प्रेसवर ठरतो, कारण तिची डाय सगळ्यात जड आणि तिच्यावर कुशन पिन बदलाव्या लागतात. खालच्या तक्त्यात त्या प्रेसची मिनिटं आहेत. आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. तुमच्या लाइनवर वेगळे निघतील, पण प्रमाण साधारण असंच दिसेल.

| काम | सुरुवातीला | वेगळं केल्यावर | बाहेर नेल्यावर | सुटसुटीत केल्यावर |
|---|---|---|---|---|
| सेटर आणि क्रेनची वाट | ९ | ० | ० | ० |
| साफसफाई, स्क्रॅप हलवणं | ६ | २ | २ | २ |
| जुनी डाय सोडणं | ८ | ८ | ८ | ३ |
| जुनी डाय बाहेर नेणं | ७ | ३ | ३ | २ |
| नवी डाय शोधणं, आणणं | १४ | २ | २ | २ |
| कुशन पिन बदलणं | ७ | ७ | ३ | ३ |
| डाय मध्यावर आणणं | ८ | ८ | १ | १ |
| रॅमची उंची, क्लॅम्पिंग | १५ | १० | ६ | ३ |
| ब्लँकचा गठ्ठा आणणं | ४ | ० | ० | ० |
| ट्रायल, दुरुस्ती | १० | १० | ४ | ४ |
| पहिला पीस पास होणं | ८ | ४ | ४ | ४ |
| एकूण | ९६ | ५४ | ३३ | २४ |

पहिल्याच टप्प्यात ४२ मिनिटं गेली, आणि त्यासाठी मशीनमध्ये काहीही बदललं नाही.

पहिला टप्पा: जे बाहेरचं आहे ते बाहेरच करा

प्रेसजवळ दोन स्टँड लागतात, बोल्स्टरच्या जवळ पण ऑपरेटरच्या वाटेत न येणारे. एकावर नवी डाय आधीच येऊन बसलेली असते, दुसरा जुन्या डायसाठी रिकामा असतो. जुनी डाय थेट रॅकवर नेऊन ठेवण्याचा मोह टाळा. ती स्टँडवर ठेवा, लाइन सुरू करा, मग रॅकवर न्या. एवढ्यानेच तक्त्यातल्या सातची तीन होतात.

नवी डाय स्टँडवर आली म्हणजे तयार झाली असं मात्र नाही. तिच्यासोबत तिचे टी-बोल्ट, क्लॅम्प, पॅकिंग, पिनचा ट्रे, गेज आणि सेटिंग कार्ड असायला हवं. या गोष्टी एका ट्रॉलीवर, प्रत्येकीची जागा आखून ठेवा, म्हणजे काय नाही ते एका नजरेत कळतं. लाइन थांबण्याच्या अर्धा तास आधी सेटरने ट्रॉली तपासून सही करायची. या सहीनंतर काही शोधायला कोणी प्रेसपासून दूर गेला, तर ते तयारीतलं चुकलेलं काम म्हणून नोंदवायचं.

सगळ्यात उपयोगी बाहेरचं काम तर मागच्या रनच्या शेवटीच होतं. डाय उतरवण्याआधीचा शेवटचा पीस डायला टॅग लावून ठेवा. त्यावर बर वाढलेला दिसतोय का, ड्रॉला ओरखडे आहेत का, पिअर्सचं भोक सरकलंय का हे बघून डाय रॅकवर जायची की टूलरूममध्ये, ते त्याच दिवशी ठरतं. असं केलं नाही तर बोथट पंच पुढच्या सेटिंगच्या ट्रायलमध्ये सापडतो आणि डाय पुन्हा खाली उतरते. तेव्हा दोन तासही पुरत नाहीत, आणि दोष सेटरवर येतो. हा शेवटचा पीस दुसऱ्या कामालाही येतो: नव्या रनचा पहिला पीस त्याच्याशेजारी ठेवून लगेच तुलना करता येते.

क्वालिटीच्या माणसाचंही तसंच. पहिला पीस घेऊन तपासणी कक्षात जाणं आणि तिथे रांगेत थांबणं हे आतलं काम नव्हे, ती निव्वळ वाट आहे. लाइन थांबायच्या वेळेची सूचना त्यालाही द्या, गेज लाइनवर आणा आणि कोणती मापं पहिल्या पीसवर बघायची ते आधी ठरवा. लेआउट तपासणी लांब असेल तर सुरू करण्यासाठी लागणारी मोजकी मापं लाइनवर घ्या आणि बाकीचा रिपोर्ट येईपर्यंतचा माल वेगळा ठेवा.

एक मर्यादा सांगायलाच हवी. ही सगळी तयारी चालू प्रेसवर उभा असलेला ऑपरेटर करू शकत नाही. त्याचं लक्ष ट्रॉलीकडे गेलं की एक तर खराब पीस पुढे जातात किंवा हात नको तिथे जातो. तयारीसाठी वेगळा माणूस आणि ठरलेली वेळ लागते. सेटर तीन लाइनमध्ये वाटलेला असेल, तर कोणत्या लाइनची डाय कधी बदलणार याचा तक्ता सकाळी ठरवल्याशिवाय हे जमत नाही.

दुसरा टप्पा: आतली कामं बाहेर कशी न्यायची

इथे खरी डोकेफोड आहे, आणि तीत सर्वात मोठा वाटा रॅमच्या उंचीचा. प्रत्येक डायची शट हाइट वेगळी असेल तर प्रत्येक वेळी रॅम वरखाली करावा लागतो, पीस मारावा लागतो, पुन्हा थोडं खाली घ्यावं लागतं. डायची उंची सारखी असेल तर हे समायोजनच उरत नाही. त्यासाठी एका प्रेसवर येणाऱ्या सर्व डायांमधली सर्वात उंच डाय आणि त्या प्रेसची शट हाइटची मर्यादा बघून एक समान उंची ठरवा. कमी उंचीच्या डायांना खालून पॅरलल किंवा प्लेट कायमची बोल्ट करून ती उंची आणा. सुटे पॅरलल नकोत. ते दर वेळी शोधावे लागतात आणि त्यांच्याखाली स्क्रॅपचा एखादा तुकडा अडकला तर डाय वाकडी बसते.

एक गोष्ट नेहमी निसटते. कटिंग डाय घासल्यावर तिची उंची कमी होते. प्रत्येक ग्राइंडिंगनंतर टूलरूमने तेवढ्याच जाडीचा शिम घातला पाहिजे किंवा निदान कार्डवर नवी उंची लिहिली पाहिजे. नाहीतर सहा महिन्यांत “समान उंची” फक्त कागदावर राहते, सेटर पुन्हा अंदाजाने रॅम खाली घ्यायला लागतो आणि ट्रायलची मिनिटं परत येतात. ट्रायलमध्ये पहिला कट अर्धवट आला, तर आधी हीच शंका घ्या.

समान उंची होईपर्यंत एक नियम कधीच सोडू नका: नवी डाय आत घेण्याआधी कार्डवरची उंची बघून रॅमचं समायोजन तिच्यापेक्षा वर घ्या, मग इंच मोडमध्ये हळूहळू खाली या. उंच डायवर आधीच्याच सेटिंगने रॅम खाली आणला, तर प्रेस तळाशी अडकून बसते. ती सोडवण्यात अख्खी शिफ्ट जाऊ शकते.

दुसरं, डाय मध्यावर आणणं. टेप घेऊन दोन्ही बाजूंची अंतरं मोजणं, पहारीने ढकलणं, पुन्हा मोजणं, यात आठ मिनिटं सहज जातात. बोल्स्टरवर मागच्या बाजूला दोन लोकेटिंग पिन बसवा आणि प्रत्येक डायच्या बेसला त्यांना जुळणाऱ्या खाचा करा: एक व्ही आकाराची, दुसरी सरळ. व्ही खाच डायला बाजूने धरते, सरळ खाच फक्त मागचं अंतर ठरवते. दोन्ही व्ही केल्या तर डाय अडकते, कारण पिनमधलं अंतर आणि खाचांमधलं अंतर तंतोतंत कधीच जुळत नाही. खाचा करण्याचं काम टूलरूममध्ये, डाय दुरुस्तीला आली की एकेक करून होतं. सगळ्या डाय एकदम काढण्याची गरज नाही.

तिसरं, कुशन पिन. प्रत्येक ड्रॉ डायला वेगळ्या जागी पिन लागतात, आणि बोल्स्टरवर भोकं मोजत बसणं म्हणजे चुकीला आमंत्रण. कार्डवर भोकांचा नकाशा काढा, त्याच आकाराचा पत्र्याचा टेम्प्लेट करा, बोल्स्टरवर ठेवा आणि ट्रेमधल्या पिन त्यातून घाला. ट्रेमध्ये किती पिन होत्या ते लिहिलेलं असावं, म्हणजे शेवटी एक उरली तर लगेच कळतं. पिनांची लांबीही बघा. वापराने एखादी आखूड झाली की ब्लँक होल्डर एका बाजूला ढिला पडतो आणि पीसवर त्याच कोपऱ्यात सुरकुत्या येतात. सगळीकडे सुरकुत्या असतील तर कुशनचा दाब कमी आहे, आणि पत्रा फाटत असेल तर बहुधा दाब जास्त आहे किंवा तेल कमी लागलंय.

म्हणून कार्डवर रॅमची उंची आणि कुशनचा दाब एवढंच नाही, तर वरच्या डायचं वजनही हवं. त्या वजनाप्रमाणे स्लाइडच्या काउंटरबॅलन्सची हवा ठरते. ती न बदलता जड डाय लावली की रॅम नीट तोलला जात नाही, थांबण्याची जागा हलते आणि ब्रेकवर ताण येतो. हे आकडे मागच्या चांगल्या रनमध्ये मशीनवर जसे होते तसे लिहायचे, डिझाइनच्या कागदावरून उतरवायचे नाहीत. कार्डवरच्या आकड्यांनी पहिला पीस पास झाला नाही आणि सेटरने काही बदललं, तर काय आणि का बदललं ते त्याच दिवशी कार्डवर यायला हवं.

तिसरा टप्पा: जे आत उरलं ते सुटसुटीत करा

आता क्लॅम्पची पाळी. बोल्ट घट्ट होतो तो शेवटच्या एका फेऱ्यात. त्याआधीचे दहा फेरे फक्त नट खाली आणण्यासाठी असतात. सर्व डायांची क्लॅम्पिंगची कड एकाच जाडीची केली की एकाच लांबीचा बोल्ट आणि एकाच उंचीचं पॅकिंग पुरतं. डायच्या कडेला यू खाच केली तर नट पूर्ण न काढता ढिला करून बोल्ट बाजूला सरकवता येतो. सगळे नट एकाच मापाचे करा, म्हणजे पाना बदलावा लागणार नाही. क्लॅम्पची मागची टाच पुढच्या कडेइतक्याच किंवा किंचित जास्त उंचीवर असली पाहिजे आणि बोल्ट डायच्या जवळ असला पाहिजे. उलट झालं तर सगळी पकड पॅकिंगवर जाते आणि रन चालू असताना डाय सरकते.

दोन सेटर असतील तर एक पुढे, एक मागे असं काम ठरवा. एकट्याने प्रेसभोवती फेऱ्या मारण्यात जाणारा वेळ लगेच वाचतो, पण दोघांमध्ये इशारा पक्का हवा. मागचा माणूस दूर होऊन हात वर करत नाही तोवर पुढच्याने बटण दाबायचं नाही.

डायच्या जागेत हात घालण्याआधी मोटर बंद, लॉक लावलेलं आणि रॅमखाली सेफ्टी ब्लॉक, ही पायरी वेळ वाचवायच्या यादीत कधीही येणार नाही. ब्लॉक आणायला दोन मिनिटं लागत असतील तर तो प्रेसलाच साखळीने लटकवा, म्हणजे जागेवर लावता येईल. सेटिंग संपल्यावर लाइट कर्टन आणि दोन हातांचं कंट्रोल परत चालू असल्याची खात्री करूनच पहिला पीस मारायचा.

लाइन म्हणून बघितलं तर

एका प्रेसचा वेळ २४ मिनिटांवर आला म्हणून लाइन २४ मिनिटांत सुरू होईल असं नाही. आपल्या उदाहरणात क्रेन प्रत्येक प्रेसवर जुनी डाय काढायला दोन आणि नवी ठेवायला दोन मिनिटं लागते. चार प्रेसची सोळा मिनिटं झाली. चारही एकदम थांबवल्या तर चौथ्या प्रेसला क्रेनसाठी बारा मिनिटं थांबावं लागेल. म्हणून सर्वात लांब काम असलेल्या पहिल्या प्रेसला क्रेन आधी द्या. तसंही शेवटचा ब्लँक तिच्यावरून पुढे गेला की ती मोकळीच असते. बाकीच्या तीन प्रेस तो पीस पूर्ण करत असताना तिच्यावर सोडवासोडव सुरू करता येते. पुढच्या प्रेसच्या डाय हलक्या असतील तर बोल्स्टरच्या टी-स्लॉटमध्ये रोलर बसवून आणि समोर तेवढ्याच उंचीची ट्रॉली लावून त्या क्रेनशिवाय ओढता येतात. ट्रॉली बोल्स्टरला हुकने अडकवल्याशिवाय डाय ओढायची नाही. ट्रॉली मागे सरकली तर डाय मध्ये पडते.

याच लाइनवर एकअंकी मिनिटांत डाय बदलायची असेल तर सरकणारे बोल्स्टर, हायड्रॉलिक क्लॅम्प आणि आपोआप उंची घेणारा रॅम लागेल. तो खर्च करावा की नाही हे दिवसाला किती वेळा डाय बदलता आणि त्यामुळे लॉट किती लहान करता येतात त्यावर ठरतं. आठवड्यातून दोनदाच डाय बदलत असेल तर २४ मिनिटं पुरेशी आहेत. तिथे पैसे खाचा करण्यात आणि शिम सांभाळण्यात घालावेत.

सुरुवातीचे काही आठवडे वेळ झपाट्याने कमी होतो आणि मग हळूच पुन्हा वाढू लागतो. कारण बहुतेक वेळा एकच असतं: एखादं बाहेरचं काम परत आत आलेलं असतं. म्हणून लाइनच्या फळ्यावर प्रत्येक सेटिंगचा एकूण वेळ आणि त्याच्यासमोर तयारीतलं काय चुकलं ते एका ओळीत लिहा: “पिनचा ट्रे नव्हता”, “क्रेन दुसऱ्या लाइनवर”, “शिम घातला नव्हता”. महिन्याअखेरीस जी ओळ सर्वात जास्त वेळा आली असेल, पुढच्या महिन्यात तेवढंच एक काम दुरुस्त करायला घ्या.